अर्जुनाचा काढा आणि आजोबांच्या गोळ्या

घरात कुणाची अँजिओप्लास्टी झाली की पंधरा दिवसांत एक काका अर्जुनाच्या सालीची पुडी घेऊन हजर होतात. "हार्टला एकदम बेस्ट!" पुडी उघडून ठेवली जाते आणि काढा करायचं काम अर्थातच सुट्टीवर आलेल्या नातवंडाकडे येतं. तर आधी तो नीट करतात कसा, ते बघू.

अर्जुनाची साल कमालीची तुरट असते. म्हणून आयुर्वेदात ती दुधात शिजवून घ्यायची पद्धत आहे, त्याला क्षीरपाक म्हणतात. प्रमाण ठरलेलं: साल एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग. म्हणजे पाच ग्रॅम सालीला ४० मिली दूध आणि १६० मिली पाणी. पाणी आटून फक्त दुधाएवढं उरलं की झालं. ते कळायचं कसं? आधी पातेल्यात नुसतं दूध ओता, स्वच्छ काडी उभी बुडवून खूण करा, मग पाणी आणि साल घाला. मंद आचेवर त्या खुणेपर्यंत आटवा आणि फडक्यातून गाळा. साल भरड हवी. बारीक पावडर घेतलीत तर खाली चिखल बसतो आणि गाळताना वैताग येतो.

आता आजोबांच्या गोळ्यांचा डबा उघडा. अँजिओप्लास्टीनंतर त्यात बहुधा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल असतं. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून या दोन्ही गोळ्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. गंमत अशी, की प्रयोगशाळेत अर्जुनाचा अर्कही तेच करताना दिसलाय. म्हणजे एकाच कामाला तिसरा गडी. दात घासताना हिरड्यांतून रक्त, जरा लागलं की काळंनिळं, शौचाला काळी हे दिसलं तर काढा लगेच थांबवून डॉक्टरांना कळवायचं. काळी शौच असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

डब्यात मेटोप्रोलॉल असेल तर आणखी एक भानगड. ही गोळी नाडीचा वेग कमी करते आणि पुढे यकृतातल्या एका एन्झाइममुळे मोडते. प्रयोगशाळेत अर्जुनाच्या अर्काने ते एन्झाइम मंदावलेलं दिसलंय. माणसाच्या शरीरात असंच झालं, तर गोळी रक्तात जास्त वेळ राहील. बीपी आणि नाडी दोन्ही खाली येतील, आणि आजोबा खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येईल.

काका म्हणतील, "अरे, झाडाची साल आहे, काय होतंय!" पण झाडाची साल आहे म्हणूनच तर काहीतरी होतं, अ‍ॅस्पिरिनची मूळ कथाही विलो झाडाच्या सालीपासूनच सुरू होते.

सगळ्यात वाईट प्रकार वेगळाच: काढा सुरू झाला म्हणून गोळ्या बंद. स्टेंट बसवल्यावर क्लोपिडोग्रेल मध्येच सोडलं तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो. पुढच्या तपासणीला जाताना प्रिस्क्रिप्शनबरोबर ती पुडीही पिशवीत टाका आणि डॉक्टरांना दाखवा. आजोबा स्वतःहून सांगणार नाहीत.