दावा चालू, मालमत्ता चालली

इचलकरंजीतला एक सूतव्यापारी घ्या. माणूस काल्पनिक आहे, पण अशी कैफियत कुठल्याही दिवाणी न्यायालयाच्या आवारात ऐकू येईल. एका यंत्रमागधारकाला त्याने वर्षभर उधारीवर सूत दिले. बिले थकली, दोन चेक न वटता परत आले आणि बाकी अठरा लाखांवर गेली. वकील म्हणाले, दावा लावू. कागदपत्रे चोख आहेत, हुकूमनामा मिळेलच, फक्त वेळ लागेल. याच वेळेची व्यापाऱ्याला धास्ती आहे. निकाल लागेपर्यंत माग विकले गेले, गाळा मेहुण्याच्या नावे झाला आणि बँकेतले खाते रिकामे झाले, तर शिक्कामोर्तब झालेल्या हुकूमनाम्याचे करायचे काय?

या प्रश्नावर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत एक उत्तर आहे. आदेश ३८, नियम ५: निकालापूर्वीची जप्ती. वकिलांच्या तोंडी ती ‘ऑर्डर थर्टी-एट रूल फाइव्ह’. दावा कोणत्याही टप्प्यावर असताना वादीला हा अर्ज करता येतो, अगदी दाव्यासोबतही. जप्ती म्हटली की सामान उचलून नेणारा बेलीफ डोळ्यांपुढे येतो. इथे मात्र अजून कोणी हरलेले नसते. प्रतिवादीने खरोखर पैसे देणे आहेत की नाही, हेही ठरलेले नसते. म्हणून हा उपाय कायद्याने सहज हाती लागू दिलेला नाही.

वादीला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. आपला दावा प्रथमदर्शनी खरा आणि टिकणारा आहे, ही पहिली. दुसरी अवघड. प्रतिवादी आपली मालमत्ता विकण्याच्या किंवा न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेण्याच्या बेतात आहे, आणि तेही उद्या होणाऱ्या हुकूमनाम्याची वसुली अडावी किंवा लांबावी याच हेतूने, हे पटवावे लागते. नुसती विक्री पुरत नाही, नुसते कर्जबाजारीपणही पुरत नाही. सारा भर हेतूवर आहे.

आपल्या व्यापाऱ्याचा पहिला अर्ज इथेच अडखळतो. प्रतिज्ञापत्रात लिहिलेले असते, ‘प्रतिवादी आपली सर्व मिळकत विकून परागंदा होण्याच्या तयारीत असल्याचे वादीस खात्रीलायकरीत्या समजते.’ असे वाक्य शेकडो अर्जांत जसेच्या तसे सापडेल. न्यायाधीश विचारतात, कोणाकडून समजते? केव्हा? कोणती मिळकत? कलकत्ता उच्च न्यायालयाने १९५१ साली प्रेमराज मुंध्रा प्रकरणात या अर्जांसाठी जी पथ्ये घालून दिली, त्यांत हीच मुख्य होती: मोघम आरोप चालणार नाहीत, माहितीचा उगम सांगावा लागेल, आणि नेहमीच्या व्यवहारात कोणी काही विकले म्हणून त्याची नियत खोटी ठरत नाही. वकिली शिकणाऱ्यांना हा निकाल आजही वाचायला देतात.

व्यापारी मग कामाला लागतो. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या नोंदींचा शोध घेतल्यावर इंडेक्स दोनमध्ये दिसते, की दुसरा चेक परत आल्यानंतर तीन आठवड्यांत प्रतिवादीने एक प्लॉट बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करून दिला आहे. यंत्रमागांचा एक दलाल लेखी सांगायला तयार होतो, की बारा माग भावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत रोखीने काढायचे आहेत म्हणून आपल्याला बोलावणे आले होते. दलालाच्या मोबाइलवर तसा संदेशही आहे. आता प्रतिज्ञापत्रात तारखा आल्या, माणूस आला, मिळकत आली. नियमानुसार वादीने जप्त करायच्या मालमत्तेचे वर्णन आणि अंदाजे किंमतही द्यायची असते. त्यामुळे गाळ्याचा मिळकत क्रमांक आणि मागांची संख्या अर्जात नमूद होते.

यातला प्लॉट मात्र हातचा गेला. निकालापूर्वीची जप्ती प्रतिवादीच्या मालकीच्या वस्तूवर बसते. जे आधीच दुसऱ्याच्या नावे झाले, त्यावर ती बसत नाही. हमदा अम्मल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तर असे ठरवले, की खरेदीखत जप्तीपूर्वी करून दिलेले असेल आणि त्याची नोंदणी जप्तीनंतर झाली असेल, तरी खरेदीदाराचाच हक्क टिकतो. कारण नोंदणी झाली की दस्त करून दिल्याच्या तारखेपासून लागू होतो. बायकोच्या नावचा प्लॉट परत ओढायचा, तर देणेकऱ्यांना फसवण्यासाठी केलेले हस्तांतर म्हणून वेगळी लढाई लढावी लागेल. तोवर बक्षीसपत्राचा उपयोग एवढाच, की उरलेल्या गाळ्याबाबत हेतू दाखवणारा तो सर्वांत बोलका पुरावा ठरतो.

अर्ज पटला तरी न्यायालय थेट ‘जप्त करा’ म्हणू शकत नाही. आधी प्रतिवादीला मुदत घालून दोन पर्याय द्यावे लागतात: ठरावीक रकमेचे तारण द्या, नाहीतर ते का देऊ नये याचे कारण दाखवा. दरम्यान मिळकत निसटू नये म्हणून त्याच आदेशात सशर्त जप्ती करता येते. हा क्रम नुसता शिष्टाचार म्हणून ठेवलेला नाही. १९७६ च्या दुरुस्तीने नियमात स्पष्ट लिहिले, की तारणाचा पर्याय न देता केलेली जप्ती शून्यवत ठरेल. महिन्यांच्या धावपळीनंतर हाती आलेला आदेश या एका त्रुटीने कोसळू शकतो. म्हणून जाणता वकील आदेशाची प्रत हातात पडताच आधी ते वाक्य शोधतो.

सशर्त आदेश निघाला की बेलीफ गाळ्यावर जातो. स्थावर मालमत्तेला कुलूप लागत नाही. ती विकू नये, गहाण टाकू नये असा मनाई आदेश दारावर डकवला जातो आणि तिथे दवंडी पिटून जाहीर केला जातो. खात्यातल्या शिलकेसाठी बँकेला कळवले जाते, की ही रक्कम देऊ नका. जंगम वस्तू प्रत्यक्ष ताब्यात घेतल्या जातात. यानंतर प्रतिवादीने गाळा विकलाच, तर जप्तीखाली वसूल होणाऱ्या दाव्यापुरती ती विक्री निरर्थक ठरते. अपवाद एकच: जप्तीआधीच नोंदवलेला साठेकरार असेल आणि त्यानुसार पुढे खरेदीखत झाले, तर ते चालते.

काही वस्तूंना निकालानंतरही हात लावता येत नाही आणि आधी तर नाहीच. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, मजुराची मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, आणि धर्मरूढीनुसार जे बाईने अंगावरून उतरवू नये असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. शेतकऱ्यासाठी आदेश ३८ मध्ये आणखी एक संरक्षण आहे. त्याच्या ताब्यातला शेतमाल निकालापूर्वी जप्त करता येत नाही. द्राक्षबागायतदाराची उधारी कितीही थकली, तरी घडांनी लगडलेली बाग दावा चालू असताना कोणाला अडकवता येणार नाही.

आता व्यापाऱ्याच्या हाती नेमके काय आले? त्याला वाटते, गाळा आपला झाला. तसे काही झालेले नाही. जप्तीने त्याला बोजा मिळत नाही आणि इतर देणेकऱ्यांवर अग्रक्रमही मिळत नाही. गाळ्यावर बँकेचे जुने गहाण असेल तर ते अबाधित राहते. माग बँकेकडे तारण असतील तर बँकेचाच हक्क आधी. दुसऱ्या कोणाचा हुकूमनामा आधीच झालेला असेल, तर तो हाच गाळा लिलावात काढू शकतो. खाते कॅश क्रेडिटचे असेल, तर जप्त करायला शिल्लकच नसते. न वापरलेली मर्यादा बँकेची असते, गिऱ्हाइकाची नव्हे. मिळते ते एवढेच, की दावा जिंकल्यावर त्या मिळकतीवर पुन्हा जप्ती आणावी लागत नाही, सरळ दरखास्त चालवता येते. दावा फेटाळला गेला, तर जप्ती उठते.

उलट बाजूही खरी आहे. मागवाल्यासाठी हा आदेश म्हणजे धंद्याचा गळा आवळणे. खाते गोठले की कामगारांचा आठवडा थांबतो, विजेचे बिल थकते. खोटा किंवा फुगवलेला दावा लावून नुसत्या जप्तीच्या धाकाने तडजोड पदरात पाडून घेणारेही आहेत. रामन टेक विरुद्ध सोलंकी ट्रेडर्स या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच दुखणे बोलून दाखवले. पुरवलेल्या मालाच्या वसुलीचा दावा होता. खालच्या न्यायालयाने अर्ज नाकारला होता, गुजरात उच्च न्यायालयाने तो मान्य केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. बिनतारणी कर्जाचे तारणी कर्ज करून घेणे हा या नियमाचा हेतू नाही, असे त्यात बजावले. दावा लागला म्हणून कोणाचा आपल्या मालमत्तेचे व्यवहार करण्याचा हक्क संपत नाही, आणि यंत्रे एका जागेवरून दुसरीकडे हलवणे एवढ्यावरून जप्ती होत नाही, हेही तिथेच स्पष्ट झाले. मागवाल्याने चांगले भाडे मिळते म्हणून माग भिवंडीला नेले असते, तर व्यापाऱ्याचा अर्ज टिकणे कठीण होते. रात्रीत, रोखीने, निम्म्या भावात काढायला निघाल्यावर चित्र बदलते.

व्यापाऱ्यांमधल्या अशा वादांत एक नवी पायरीही आली आहे. तीन लाखांवरचा वाणिज्यिक दावा लावण्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, पण तातडीचा अंतरिम दिलासा मागणाऱ्याला त्यातून सूट मिळते. मध्यस्थीत समोरच्याला काही महिने आधी सुगावा लागतो, त्यामुळे खरोखर मालमत्ता पळत असेल तेव्हा ही सूट मोलाची. म्हणून काहीजण मध्यस्थी चुकवण्यासाठीच जप्तीचा अर्ज जोडतात. २०२३ साली यामिनी मनोहर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तातडी खरी आहे की मुखवटा, हे न्यायालयाने तपासावे.

मागवाल्याला नोटीस आली, तर त्याने तारीख चुकवू नये. गैरहजर राहिले किंवा तारण दिले नाही की सशर्त जप्ती पक्की होऊ शकते. बँक हमी किंवा चांगला जामीनदार दिला तर जप्ती उठते आणि धंदा सुरू राहतो. आणि जप्ती पुरेशा कारणाशिवाय आणलेली निघाली, तर कलम ९५ खाली त्याच न्यायालयाकडे भरपाई मागता येते. मर्यादा आहे पन्नास हजार रुपये. हंगामाच्या तोंडावर खाते गोठलेल्या कारखानदाराला ही रक्कम तुटपुंजी वाटेल. शिवाय या अर्जावर एकदा निर्णय झाला, की त्याच जप्तीच्या भरपाईसाठी वेगळा दावा लावता येत नाही. नुकसान मोठे असेल, तर कोणता रस्ता धरायचा हे अर्ज टाकण्यापूर्वीच वकिलाशी बोलून ठरवावे.