विचारले त्याच्यापुरतेच उत्तर

साठ फ्लॅटची एक सोसायटी समजा. दर फ्लॅटचा मेंटेनन्स महिना ९,००० रुपये. सोसायटीची वर्षाची जमा २० लाखांच्या पुढे जाते, म्हणून जीएसटीची नोंदणी आहे. दरमहा ७,५०० रुपयांपर्यंतच्या मेंटेनन्सवर कर माफ आहे. आता १८ टक्के कर सगळ्या ९,००० वर लावायचा की वरच्या १,५०० वर? पहिला हिशेब धरला तर एका फ्लॅटमागे १,६२० रुपये होतात, दुसरा धरला तर २७०. साठ फ्लॅटचा फरक महिन्याला ८१,००० रुपये. खजिनदाराने अंदाजाने एक बाजू धरली आणि चार वर्षांनी नोटीस आली, तर व्याजासकट रक्कम सभासदांकडूनच गोळा करावी लागते, आणि तोवर काही जण फ्लॅट विकून गेलेले असतात.

अशा वेळी आधीच विचारून घेण्याची सोय कायद्यात आहे. तिला अग्रिम निर्णय म्हणतात. सनदी लेखापालांच्या बोलण्यात ‘ॲडव्हान्स रुलिंग’. केंद्राचे पाच आणि राज्याचे पाच असे दहा हजार रुपये भरून पोर्टलवर अर्ज करायचा. केंद्राचा एक आणि राज्याचा एक असे दोन कर अधिकारी तो ऐकतात, आणि नव्वद दिवसांत निर्णय द्यावा असे कायदा सांगतो. मात्र तोच प्रश्न तुमच्या बाबतीत आधीच चौकशीत किंवा सुनावणीत असेल तर अर्ज दाखल करून घेतला जात नाही. नोटीस हातात पडल्यावर ही वाट शोधणाऱ्यांचे पैसे इथेच वाया जातात.

निर्णय मिळाला की तो अर्जदारावर आणि त्याच्या कर अधिकाऱ्यावर बंधनकारक होतो. दोघांवर, हे नीट लक्षात घ्यावे. उत्तर विरोधात गेले तर ‘आम्ही सहज विचारले होते’ असे म्हणता येत नाही. तीस दिवसांत अपील करता येते, पण तो हक्क खात्यालाही आहे. म्हणून बाजूने आलेला निर्णय अपिलाची मुदत टळेपर्यंत पक्का धरू नये.

शेजारच्या सोसायटीला मिळालेला निर्णय तुमच्या कामाचा नाही. तो तुमच्या अधिकाऱ्यासमोर ठेवता येतो, पण त्याला तो बांधत नाही. तुमचा स्वतःचा निर्णयसुद्धा अर्जात सांगितलेल्या हकिकतीपुरताच टिकतो. कायदा किंवा परिस्थिती बदलली की त्याचे बंधन संपते. महत्त्वाची गोष्ट दडवून निर्णय मिळवला असेल तर तो मुळापासून रद्द ठरवता येतो, म्हणजे कधी मिळालाच नव्हता असे धरून वसुली होते. म्हणून निर्णय हाती आला की निकालाच्या ओळीआधी त्यात नोंदलेली तुमची हकिकत वाचा. सिंकिंग फंड, पार्किंगची रक्कम, पाण्याचे पैसे यांतले काही अर्जात सुटले असेल, तर तेवढ्यापुरते तुम्हाला संरक्षण नाही.

मेंटेनन्सच्या प्रश्नावर खात्याने २२ जुलै २०१९ रोजी परिपत्रकच काढले. त्यात नेमके हेच ९,००० रुपयांचे उदाहरण होते, आणि कर पूर्ण ९,००० वर भरावा असे उत्तर. चेन्नईतल्या एका रहिवासी संघाने अग्रिम निर्णय मागितला, तर तिथेही उत्तर तेच आले. संघ उच्च न्यायालयात गेला. जुलै २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने माफीच्या तरतुदीची भाषा वाचली, ७,५०० च्या वरच्या रकमेवरच कर लागतो असे ठरवले, आणि परिपत्रक व अग्रिम निर्णय दोन्ही रद्द केले.

परिपत्रकाची ताकद यातून कळते. ते सगळ्यांसाठी असते, फी लागत नाही, आणि ते तुमच्या बाजूचे असेल तर खात्याचा अधिकारी त्याच्या उलट जाऊ शकत नाही. पण करदात्याला ते बांधत नाही आणि न्यायालयालाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये रतन मेल्टिंगच्या खटल्यात सांगितले की परिपत्रक म्हणजे खात्याची कायद्याबद्दलची समजूत. न्यायालयाने वेगळा अर्थ लावला की तो अर्थ चालतो.

प्राप्तिकरात गोष्ट आणखी वेगळी आहे. २०२१ च्या वित्त कायद्याने तिथे अग्रिम निर्णयासाठी नवे मंडळ आणले, आणि त्याचा निर्णय अर्जदारावरही बंधनकारक नाही, खात्यावरही नाही. दोन्हीकडे नाव एकच असल्याने माणसे फसतात.

माझ्या मते आपल्या सोसायटीने उगाच अर्ज करू नये. कायद्याची भाषा आणि उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने असताना विचारायला गेलात आणि उलट उत्तर आले, तर स्वतःच्या हाताने स्वतःला बांधून घ्याल. मद्रासचा निकाल महाराष्ट्रातला अधिकारी निमूट मानेलच असे मात्र धरू नका. वादाची रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला ठेवा. आणि विचारायचेच ठरले, तर पहिली नोटीस येण्याआधी विचारा.