मुरूम, पाणी आणि जिओग्रिडची भिंत

उमरी हे मुदखेड आणि धर्माबादच्या मधले रेल्वेचे गाव. फाटकावर पूल घ्यायचा म्हटले की दोन्ही बाजूंना उंच भराव आला. भरावाला नैसर्गिक उतार द्यावा तर दोन्हीकडची शेते आणि घरे संपादनात जातात, म्हणून उभी भिंत लागते. आमच्या पिढीने अशा ठिकाणी काळ्या दगडाच्या जाडजूड भिंती बांधल्या. आज थरांमध्ये जिओग्रिड घालून भराव स्वतःच्याच अंगावर उभा केला जातो आणि तोंडाला सिमेंटची पॅनल लावली जातात. हे तंत्र मला मनापासून पटले आहे. तक्रार आहे ती आपण ज्या घाईने ते वापरतो त्याबद्दल.

इतिहास थोडक्यात आटोपतो. आँरी विदाल या फ्रेंच अभियंत्याने 1963 साली लोखंडी पट्ट्यांच्या मातीचे पेटंट घेतले. पुढे पट्ट्यांच्या जागी प्लॅस्टिकची जाळी आली. ब्रिटिशांचा बीएस 8006 हा संहिताग्रंथ 1995 साली निघाला आणि आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी 102 ही मार्गदर्शिका 2014 साली आली. सूत्रे त्यात आहेत, ती इथे उगाळत नाही.

उमरीसारख्या जागी सहा मीटर उंचीची भिंत घेऊ. भराव चांगल्या मुरमाचा, घर्षणकोन 30 अंश, घनमीटरला 20 किलोन्यूटन वजन. वाहनांचा भार चौरस मीटरला 24 किलोन्यूटन धरू, म्हणजे सव्वा मीटरभर मातीइतका. जिओग्रिडची लांबी उंचीच्या सत्तर टक्के घेतली तर 4.2 मीटर येते. मी 4.5 घेतो.

आता तळाचा थर. वरचे वजन 120 आणि वाहनांचे 24 मिळून 144. त्याचा एक तृतीयांश आडवा दाब, म्हणजे 48. थरांत 0.6 मीटर अंतर ठेवले तर जाळीवर मीटरला सुमारे 29 किलोन्यूटन, आणि दीडचा भारगुणक लावून 43. जाळी 100 किलोन्यूटनची. दीर्घकाळच्या ताणाचा, अंथरताना लागणाऱ्या इजेचा आणि रासायनिक झिजेचा कपात-गुणक मिळून सुमारे 1.9 होतो, म्हणून हाताशी 53 उरतात. हिशेब पुरा झाला असे वाटते. पण मागचा भराव भिंतीला पुढे ढकलतो आणि सगळे वजन पायाच्या पुढच्या भागाकडे सरकते. तो कल धरला की तळाचा दाब 144 राहत नाही, 196 होतो. जाळीची गरज 59 वर जाते आणि ती 53 मध्ये बसत नाही. खालच्या थरांत 120 ची जाळी घ्या किंवा अंतर अर्ध्या मीटरवर आणा. ही पायरी सोडून दिलेली गणितपत्रके मी पाहिली आहेत आणि ती मंजूर झालेलीही पाहिली आहेत.

वरच्या थराचे दुखणे उलटे. तिथे ताण थोडा, पण जाळीला धरायला मातीचे वजनच नाही. माथ्यापासून 40 सेंटिमीटरवरचा थर घ्या. सरकू पाहणारी पाचर तिथे तोंडापासून सव्वातीन मीटरपर्यंत पोचलेली असते, म्हणजे साडेचार मीटरच्या जाळीचा जेमतेम सव्वा मीटर पक्क्या मातीत उरतो. तेवढ्या टोकाची पकड सुरक्षागुणक लावून सातच्या आसपास येते आणि मागणी जवळपास अकरा. म्हणून वरचे एक-दोन थर दीड मीटरने लांब घ्यावेत. खर्च किरकोळ आहे.

इथवर जाळीचे झाले. माझा सारा हट्ट पुढच्या दोन गोष्टींसाठी आहे आणि त्यांवर माझे अनेकांशी वाद झाले आहेत.

पहिली गोष्ट मुरूम. नियम सांगतो की 75 मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारा भाग 15 टक्क्यांपेक्षा कमी हवा आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्स 6 च्या आत. मराठवाड्यातल्या बेसाल्टचा मुरूम एकाच खाणीत दोन हातांवर बदलतो. वरचा पिवळसर, मऊ मुरूम हातात चुरगळला की पीठ होते. खालचा कडक मुरूम दाणे राखतो. आणखी एक खोड म्हणजे खाणीत चाचणीला उतरलेला मऊ मुरूमही रोलरखाली फुटतो आणि बारीक भाग वाढतो. म्हणून नमुना खाणीतला नको, दबाई झालेल्या थरातला हवा. घर्षणकोन 30 वरून 26 वर घसरला तर आडव्या दाबाचा गुणांक 0.33 वरून 0.39 वर जातो आणि आपण जपून ठेवलेली सगळी शिल्लक तिथेच संपते. काही मंडळी म्हणतात, जाळी दणकट घेतली की मुरूम कसाही चालतो. हे साफ चूक आहे, कारण पकड जाळीला मातीच देते. अमेरिकेत रॉबर्ट कोर्नर आणि जॉर्ज कोर्नर यांनी नादुरुस्त झालेल्या 171 भिंतींची कुंडली मांडली. त्यांतल्या साठ टक्क्यांहून अधिक भिंतींच्या पोटात गाळ किंवा चिकणमाती होती आणि सुमारे साठ टक्के ठिकाणी कारण पाण्याशी येऊन थांबले.

दुसरी गोष्ट तेच पाणी. बारीक मातीत शिरलेले पाणी निघत नाही. भरावात तीन मीटर पाणी तुंबले तर तळाशी पाण्याचाच 30 चा दाब येतो आणि तळाच्या थरातली जाळीची पकड उचल लागून सुमारे पाव हिश्शाने घटते. पॅनलमागे 60 सेंटिमीटर रुंदीचा खडीचा पडदा, सांध्यांवर गाळणी कापड, आणि रस्त्यावरचे पाणी भिंतीत न मुरता बाहेर नेणारी गटारे, एवढेच लागते. पण गटार हे शेवटच्या बिलातले काम. पैसे संपले की ते अर्धे राहते आणि पुलाच्या सांध्यातले पाणी थेट भरावात उतरते.

पायाचेही तसेच. तळाचा 196 चा दाब ओल्या काळ्या मातीवर टाकता येत नाही, तिथे 100 चाही भरवसा नसतो. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. चाचणी-खड्डे घ्या, कडक मुरूम लागेपर्यंत काळी माती काढा आणि भिंतीच्या पुढेही काही अंतर ती बदला. तोंडाजवळचीच माती फुगत-आक्रसत राहिली तर पॅनलची रांग वाकडी होते. पूर्ण जाळीखाली काढायची माती तोंडाखालच्या पट्टीपुरतीच काढणे ही हल्लीची बचत मला मान्य नाही.

भूकंपाचे विचारले जाते. किल्लारीचा भूकंप 1993 साली झाला आणि त्यानंतर लातूर-नांदेडकडचा अभियंता हा प्रश्न सोडू शकत नाही. 1995 च्या कोबे भूकंपात तानाता इथली जिओग्रिडची रेल्वे भिंत उभी राहिली, हे जपानी अभियंत्यांनी नोंदवले आहे. थर लवचिक असतात, हलतात आणि तग धरतात. पण तानाताचा भराव नीट दाबलेला होता, ही बाजू सांगितल्याशिवाय तो दाखला देऊ नये.

आता खंत. पूर्वी भिंत आणि पाया यांचा हिशेब एकाच टेबलावर होत असे. आज जाळी विकणाराच आराखडा देतो, मुरूम ठेकेदार आणतो, पाया तिसऱ्याचा, गटार चौथ्याचे. आराखड्यात पहिल्या पानावर लिहिलेले असते की घर्षणकोन 30 गृहीत धरला आहे आणि तो खरा आहे की नाही हे पाहणारा कुणीच नसतो. जागेवरची देखरेखही सैल झाली आहे. जाळीची ताकद एकाच दिशेला असते. गुंडाळी तोंडाला काटकोनात न सोडता समांतर सोडली तर 100 ची जाळी नावालाच राहते, आणि हे मातीखाली गेले की कळत नाही. जाळी खुंट्यांनी ताणून घ्यावी, तिच्यावर 15 सेंटिमीटर भराव पडण्याआधी ट्रक चढू देऊ नये आणि तोंडापासून दीड मीटरपर्यंत हलकाच रोलर चालवावा.

भिंत बिघडू लागली की आधी रस्त्यावर कळते. जाळी संपते तिथे रस्त्याला समांतर भेग पडते. पॅनलच्या सांध्यांतून बारीक माती पडू लागली तर गाळणी कापड फाटले आहे. भेग डांबराने बुजवून काम संपत नाही. भिंतीच्या पायथ्याचे पाणी निघण्याचे तोंड शोधा. पावसाळ्यात ते कोरडे आणि वरची भेग ओली असेल, तर पाणी आत अडले आहे आणि आधी तो निचरा मोकळा करायला हवा.