समुद्राखालचा प्रकाश

"गुरुजी, दुबईहून काकाचा चेहरा आमच्या मोबाइलवर येतो, तो उपग्रहावरून ना?" असं परवा वर्गात एका मुलीनं विचारलं. बहुतेकांना तसंच वाटतं. पण देशादेशांतला बहुतेक इंटरनेट समुद्राच्या तळावरून जातो, तोही काचेच्या तंतूतून, प्रकाश होऊन!

तंतू वाकला तरी प्रकाश बाहेर का सांडत नाही? प्लॅस्टिकच्या बाटलीला खाली एक बारीक भोक पाडा. तिच्यात पाणी भरा आणि खोलीत अंधार करून भोकाच्या समोरच्या बाजूनं बॅटरी लावा. धार वाकून पडते आणि प्रकाशही तिच्यासोबत वाकत जातो. पाण्याच्या कडेवर प्रकाश फार तिरपा आदळला, की हवेत न निसटता आरशावरून उडावा तसा आतच परततो. केसाएवढ्या तंतूत असंच घडतं. त्याच्या मधल्या गाभ्याभोवती थोड्या वेगळ्या काचेचं वेष्टन असतं, म्हणून प्रकाश गाभ्यातच राहतो. प्रकाशाची उघडझाप म्हणजेच आपला निरोप. ही उघडझाप सेकंदाला अब्जावधी वेळा होते.

काच कितीही स्वच्छ असली तरी प्रकाश हळूहळू मंदावतो. म्हणून साधारण दर ६० ते १०० किलोमीटरवर त्याला पुन्हा जोर देणारं यंत्र बसवतात. त्या यंत्रासाठी वीज केबलमधल्या तांब्यातून जाते.

खोल समुद्रात ही केबल बागेतल्या पाण्याच्या नळीएवढीच जाड असते. किनाऱ्याजवळ मात्र तिला पोलादी तारांचं चिलखत घालतात, कारण जहाजांचे नांगर आणि मासेमारीची जाळी तिथंच तिला इजा करतात.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या. दोन्ही मुंबईला युरोपशी जोडणाऱ्या! भारतातला इंटरनेट एकदम मंदावला. पूर्ण बंद पडला नाही, कारण निरोप पूर्वेकडच्या दुसऱ्या केबलींतून वळवले. पण तिथं गर्दी झाली.

तुटलेली जागा शोधायची कशी? किनाऱ्यावरून प्रकाशाचा एक ठोका सोडतात. तुटक्या टोकावरून त्यातला थोडा परत येतो, विहिरीत हाक मारल्यावर प्रतिध्वनी यावा तसा. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. समजा, तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात परतला. म्हणजे जाऊन-येऊन १०० किलोमीटर झाले. मग तुटलेली जागा ५० किलोमीटरवर!

पुढे जहाज तिथं जातं, लोखंडी गळानं केबल वर ओढतं आणि तंतूंची टोकं वितळवून जोडतात. त्या वेळी या कामाला सुमारे दीड आठवडा लागला.

आता सांगा, प्रकाश तीन हजाराव्या भागात परतला, तर तुटलेली जागा किती लांब?