क्लॉकला न विचारणाऱ्या दोन पिना

गेलेली वीज परत येते तेव्हा फ्लिप-फ्लॉप कोणत्या अवस्थेत जागा होईल, याची खात्री देता येत नाही. फ्लिप-फ्लॉप म्हणजे शून्य किंवा एक, एवढीच एक गोष्ट लक्षात ठेवणारं सर्किट. वीज असेपर्यंत त्याची स्मृती पक्की असते, वीज गेली की पुसली जाते. वीज येताना आतल्या दोन गेटांपैकी जे कणभर आधी शुद्धीवर येईल, त्याच्या बाजूने कौल लागतो. त्या एका बिटावर पाण्याच्या पंपाची मोटर चालत असेल, तर वीज येताक्षणी मोटर आपोआप फिरू लागेल, अशी धास्ती राहते.

एरवी फ्लिप-फ्लॉप क्लॉकच्या तालावर चालतो. क्लॉकचा सिग्नल शून्यावरून एकवर चढतो, त्या क्षणी डी या इनपुटवर जे असेल ते तो उचलतो आणि पुढच्या चढापर्यंत धरून ठेवतो. पण वीज नुकतीच आलेली असते तेव्हा क्लॉक कदाचित सुरूही झालेलं नसतं. म्हणून फ्लिप-फ्लॉपला क्लॉकची वाट न पाहणाऱ्या दोन पिना दिलेल्या असतात. प्रिसेट आउटपुटला थेट एक करते, क्लिअर थेट शून्य करते. क्लॉक वर असो, खाली असो की बंद पडलेलं असो, या दोघींचंच चालतं. हा अधिकार त्यांना कुठून मिळतो, आणि दोघींनी एकाच वेळी उलटसुलट हुकूम सोडले तर काय होतं, हे नीट पाहायचं तर ७४एलएस७४ ही चिप हाताशी घ्यावी. तिच्यात डी प्रकारचे दोन फ्लिप-फ्लॉप असतात. डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत ती असतेच, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते.

यातला प्रत्येक फ्लिप-फ्लॉप तर्काच्या दृष्टीने सहा नँड गेटांचा बनलेला आहे. नँड गेटचा नियम एकच: एकही इनपुट शून्य असेल तर आउटपुट एक, सगळी इनपुटं एक असतील तरच आउटपुट शून्य. सहापैकी शेवटची दोन गेटं एकमेकांना बांधलेली आहेत, पहिल्याचं आउटपुट दुसऱ्यात आणि दुसऱ्याचं पहिल्यात. एकाचं आउटपुट क्यू, दुसऱ्याचं क्यू-बार, म्हणजे क्यूच्या उलट. स्मृती राहते ती या जोडीत. आधीची चार गेटं क्लॉक आणि डी पाहून या जोडीला हुकूम देतात. जोडीकडे हुकमाच्या दोन तारा जातात, एक ‘एक कर’ सांगणारी आणि दुसरी ‘शून्य कर’ सांगणारी. तार शून्यावर आली की तो हुकूम. एकवर असेपर्यंत ती गप्प. क्लॉक खाली असताना दोन्ही गप्प असतात आणि जोडी जुनंच बिट धरून बसते.

प्रिसेटची तार थेट क्यूच्या गेटमध्ये शिरते आणि क्लिअरची क्यू-बारच्या. या दोन्ही पिना ‘ॲक्टिव्ह लो’ आहेत. म्हणजे एरवी त्यांना ५ व्होल्ट द्यायचे आणि काम हवं तेव्हा ग्राउंडला जोडायच्या. प्रिसेट ग्राउंडला गेली की क्यूच्या गेटचं एक इनपुट शून्य होतं. नँडचा नियम आठवा, बाकीच्या इनपुटांवर काहीही असलं तरी आउटपुट एकच येणार. प्रिसेट क्लॉकपेक्षा वरचढ ठरते ती एवढ्यामुळे. क्लॉकचा हुकूम जिथे पोचायचा, त्या शेवटच्या गेटात तिने आधीच निकाल लावलेला असतो.

पण एवढ्याने काम पुरं होत नाही. समजा, क्लॉक चढलं तेव्हा डी शून्य होता. क्लॉक अजून वरच आहे, म्हणून ‘शून्य कर’ हा हुकूमही अजून चालू आहे. आता प्रिसेट दाबली आणि तिची तार फक्त शेवटच्या गेटालाच जोडलेली असती, तर क्यू एक झाला असता. पण ‘शून्य कर’च्या तारेमुळे क्यू-बारही एकवरच अडकून राहिला असता. दोन्ही आउटपुटं एक. प्रिसेट सोडली की क्यूच्या गेटची सगळी इनपुटं एक होऊन क्यू पुन्हा शून्यावर आला असता, आणि दाबलेलं बटण वाया गेलं असतं. म्हणून या चिपमध्ये प्रिसेटची तार आधीच्या चारांपैकी एका गेटालाही जोडलेली आहे आणि क्लिअरची दोन गेटांना. वरच्याच प्रसंगात प्रिसेट दाबताच ते आतलं गेट उलटतं, ‘शून्य कर’ मागे घेतला जातो आणि त्याच्या जागी ‘एक कर’ सुरू होतो. म्हणजे ही पिन निकाल तर बदलतेच, शिवाय तो निकाल पुन्हा फिरवू शकणारा जुना हुकूमही रद्द करते. प्रिसेट सोडल्यावरही क्यू एकवर टिकतो तो याच कारणाने.

हे डोळ्यांनी पाहता येतं. पिन १४ ला ५ व्होल्ट, पिन ७ ग्राउंड. क्लिअर म्हणजे पिन १ आणि प्रिसेट म्हणजे पिन ४. दोन्ही ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरने ५ व्होल्टला बांधाव्यात आणि प्रत्येकीपासून ग्राउंडपर्यंत एक बटण लावावं. डी, म्हणजे पिन २, थेट ५ व्होल्टला जोडावी. पिन ३ वर ५५५ टायमरचं सेकंदाला एक ठोका देणारं क्लॉक द्यावं. ५ व्होल्टपासून ४७० ओहममधून पिन ६ पर्यंत हिरवा एलईडी आणि तसाच पिन ५ पर्यंत लाल लावावा. पिन शून्यावर आली की तिचा दिवा लागतो, म्हणजे हिरवा दिवा ‘क्यू एक’ सांगतो आणि लाल ‘क्यू शून्य’. आता क्लिअर दाबून धरा. दर सेकंदाला क्लॉक चढतंय, डी एक आहे, तरी लाल दिवा हलत नाही. बटण सोडलं की क्लॉकच्या पुढच्या चढाला हिरवा लागतो.

दाबताना क्लॉकची पर्वा करावी लागत नाही. सोडताना मात्र करावी लागते. दाबण्यावर एकच अट आहे, की पिन किमान २५ नॅनोसेकंद ग्राउंडला राहायला हवी. पण क्लिअर नेमकी क्लॉकच्या चढाच्या आसपास सुटली, तर तो चढ मानायचा की नाही याचा निर्णय फ्लिप-फ्लॉपला धड करता येत नाही. एकाच क्लिअरवर आठ-दहा फ्लिप-फ्लॉप असतील तर काही तो चढ धरतात आणि काही पुढचा. मग काउंटर भलत्याच आकड्यापासून मोजू लागतो, आणि दर वेळी तसं होत नसल्यामुळे दोष सापडता सापडत नाही. यावर रूढ उपाय असा: क्लिअर लागू होऊ द्यायची ताबडतोब, पण तिचं सुटणं एकामागे एक जोडलेल्या दोन फ्लिप-फ्लॉपमधून नेऊन क्लॉकच्या तालावर आणायचं.

आता दोन्ही पिना एकदम दाबण्याची गोष्ट. त्याच मांडणीत ५५५ काढून पिन ३ ग्राउंडला जोडा आणि दोन्ही बटणं एकत्र दाबा. दोन्ही दिवे विझतात. कारण दोन्ही शेवटच्या गेटांना एकेक शून्य मिळालेलं आहे, म्हणून क्यूही एक आणि क्यू-बारही एक. क्यू-बार नेहमी क्यूच्या उलट असतो, हे गृहीत धरून पुढचं सर्किट केलेलं असेल तर ते इथेच चुकतं. आता बटणं सोडा. जे बटण शेवटी सुटतं त्याचं म्हणणं टिकतं. क्लिअर नंतर सुटली तर लाल, प्रिसेट नंतर सुटली तर हिरवा.

बोटांनी दोन बटणं खरोखर एकाच क्षणी सोडणं जमत नाही. त्यासाठी पिन १ आणि ४ एकत्र जोडून एकाच बटणावर घ्याव्या लागतात. ते बटण सोडलं की दोन्ही गेटं एकाच वेळी शून्याकडे झुकतात; ज्याचं आउटपुट आधी पडेल ते दुसऱ्याला एकवर रोखून धरतं. क्वचित दोन्ही आउटपुटं थोडा वेळ अधेमधे लटकतात आणि मग एका बाजूला कलतात. एखादी चिप दर वेळी लालच दाखवेल आणि तिच्याच जातीची दुसरी हिरवा. डेटाशीटच्या तक्त्यात या ओळीला फुली मारून खाली टीप दिलेली असते, की ही अवस्था स्थिर नाही, दोहोंपैकी कोणतीही एक पिन सुटली की ती टिकणार नाही. म्हणजे या भांडणाचा निवाडा चिप करत नाही, तो सर्किट रचणाऱ्याने करायचा असतो.

साधा निवाडा म्हणजे एकीला अग्रक्रम देणं. पंपाच्या बाबतीत ‘बंद’ जिंकलं पाहिजे. क्लिअरचा सिग्नल पिन १ ला थेट द्यायचा. प्रिसेटचा मात्र एका ऑर गेटमधून न्यायचा, आणि त्या गेटच्या दुसऱ्या इनपुटवर क्लिअरचा सिग्नल इन्व्हर्टरने उलटा करून आणायचा. ‘बंद’ दाबलं की ऑर गेटचं आउटपुट एक होतं आणि चिपला प्रिसेट दिसेनाशी होते. दोन्ही बटणं एकत्र दाबली तरी आता लालच दिवा लागतो.

पण यातही एक फट आहे. ‘चालू’चं बटण आत रुतून बसलेलं असेल, तर ‘बंद’वरून बोट काढताच मोटर पुन्हा सुरू होईल. म्हणून पंपासाठी आणखी चांगली रचना म्हणजे ‘चालू’ला प्रिसेटवर आणायचंच नाही. डी ५ व्होल्टला बांधायची, ‘चालू’ बटणाची थरथर काढून त्याचा सिग्नल क्लॉकच्या पिनवर द्यायचा, क्लिअर फक्त ‘बंद’ला द्यायची आणि प्रिसेट ५ व्होल्टला कायमची बांधून टाकायची. आता ‘चालू’चा उपयोग फक्त दाबण्याच्या क्षणापुरता. रुतलेलं बटण नवा चढ देत नाही, आणि ‘बंद’ दाबलेलं असताना आलेला चढ क्लिअर मानत नाही. वीज आल्यावर काही क्षण हीच क्लिअर खाली धरली की मोटर बंद अवस्थेतच जागी होते. मात्र माणसाच्या जिवाशी गाठ असलेलं आपत्कालीन थांबा बटण एका चिपवर सोडू नये. त्याने मोटरच्या कॉन्टॅक्टरचा पुरवठाच थेट तोडला पाहिजे.

आगीच्या धोक्याची सूचना लक्षात ठेवणाऱ्या सर्किटात हा क्रम उलटा लागतो. तिथे धूर ओळखणारा सेन्सर प्रिसेटवर असतो आणि सूचना पुसण्याचं बटण क्लिअरवर. धूर अजून निघत असताना कुणी ते बटण दाबून धरलं, तरी सूचना पुसली जाता कामा नये. म्हणून ऑर गेट आणि इन्व्हर्टर क्लिअरच्या वाटेवर बसवायचे आणि प्रिसेटला मोकळी सोडायची. चिप तीच, फक्त दोन वाटांची अदलाबदल. कोणती वाट मोकळी ठेवायची हे ठरवण्यासाठी सर्किट काढण्याआधी एकच प्रश्न सोडवावा लागतो: दोन्ही हुकूम एकदम आले, तर कोणती चूक परवडेल?