स्टिक फिरवायची की नुसती टेकवायची?

चेतक किंवा प्रियासारख्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर चालवलेल्या पिढीला इंजिन ऑइलची पातळी मोजायची सवय लागलीच नाही. पेट्रोल पंपावर पेट्रोलबरोबर मापाने ऑइल टाकलं की काम झालं. ते ऑइल पेट्रोलसोबत जळून जायचं, त्यामुळे मोजण्यासारखं काही उरतच नसे. आजच्या फोर-स्ट्रोक दुचाकीत तसं नाही. इंजिनच्या तळाशी पाऊण ते एक लीटर ऑइल असतं, पंप तेच पुन्हा पुन्हा वर फेकतो आणि पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत त्याच्यावरच सगळं भागतं. मोटारसायकलमध्ये तर क्लच आणि गिअरही त्याच ऑइलात चालतात. यातलं दोनशे मिलीलीटर कमी झालं तर पाव हिस्सा गेला, हे लक्षात घ्यायला हवं. कारमध्ये ऑइलचा दाब घटला की लाल दिवा लागतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक दुचाकींना तो दिवाच नसतो. पातळी कळायची तर हातानेच मोजावी लागते.

मोजायची साधनं दोन. स्प्लेंडर, शाइन, ॲक्टिव्हा अशा गाड्यांत ऑइल भरायच्या झाकणालाच खाली स्टिक जोडलेली असते. बुलेट किंवा केटीएमसारख्या गाड्यांवर इंजिनच्या बाजूला एक गोल काच असते. दोन्हींवर वरची आणि खालची अशा दोन खुणा असतात, आणि ऑइल त्या दोहोंच्या मध्ये दिसायला हवं. इतकं सोपं असूनही घरोघरी चुकीचं माप घेतलं जातं.

सगळ्यात मोठी चूक स्टिक आत घालताना होते. ती पुसून पुन्हा आत घालायची हे बहुतेकांना माहीत असतं. पण झाकणाला आटे आहेत म्हटल्यावर हात आपोआप ते घट्ट फिरवतो. होंडा आणि हिरोच्या नेहमीच्या गाड्यांत ही स्टिक फिरवायची नसते. झाकणाचे आटे भोकाच्या कडेवर नुसते टेकतील एवढीच आत सोडायची आणि सरळ वर काढायची, कारण खुणा त्याच खोलीसाठी आखलेल्या असतात. फिरवून बसवली की स्टिक आट्यांच्या उंचीइतकी आणखी खाली बुडते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. या चुकीचा धोका असा, की ती ऑइलची टंचाई लपवते. खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं ऑइल मग दोन खुणांच्या मध्ये असल्यासारखं दिसतं आणि माणूस निर्धास्त होऊन गाडी पळवत राहतो.

व्हेस्पाची रीत मात्र नेमकी उलटी आहे. तिथे झाकण पूर्ण फिरवून बसवायचं आणि मग काढून वाचायचं. म्हणून गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतलं ते एक पान प्रत्येकाने एकदा तरी उघडून पाहावं. शेजाऱ्याच्या गाडीची रीत आपल्या गाडीला लागू पडेलच असं नाही.

दुसरी चूक साइड स्टँडची. गाडी डावीकडे कलली की ऑइलही डावीकडे सरकतं. बऱ्याच मोटारसायकलींत स्टिक किंवा काच उजव्या अंगाला असते, त्यामुळे तिथे ऑइल कमी भासतं आणि लोक गरज नसताना आणखी ओततात. गाडी सपाट फरशीवर, मधल्या स्टँडवर उभी करून मगच माप घ्यावं. मधला स्टँड नसेल तर एकाने हँडल धरून गाडी सरळ उभी धरायची आणि दुसऱ्याने खाली बसून डोळा काचेच्या पातळीत आणून पाहायचं.

वेळेचंही भान हवं. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर बरंचसं ऑइल अजून वरच्या भागात असतं आणि माप कमी येतं. होंडाची पद्धत अशी, की इंजिन तीन ते पाच मिनिटं न रेझ करता चालू ठेवायचं, बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मग मोजायचं. तेवढ्यात वरचं ऑइल खाली उतरतं.

काचेची स्वतःची एक अडचण आहे. जुन्या गाडीत काच आतून पिवळट-काळी होते आणि ऑइल नसतानाही भरलेली वाटते. अशा वेळी गाडी किंचित डावी-उजवीकडे झुकवावी. ऑइलची रेघ हलताना दिसली तर तो ऑइलचा काठ. जो रंग जागचा हलत नाही तो डाग. उजव्या बाजूच्या काचेत रेघच दिसत नसेल तर गाडी जरा उजवीकडे झुकवावी. रेघ खालून वर आली तर ऑइल कमी आहे. डावीकडे झुकवल्यावर रेघ वरून खाली उतरली तर ते जास्त आहे.

आता एक उदाहरण घेऊ. शंभर सीसीची आठ वर्षं जुनी मोटारसायकल आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे मोजल्यावर ऑइल खालच्या खुणेला जेमतेम टेकलंय. बाटली उघडून एकदम ओतू नये. आधी शंभर मिलीलीटर घालावं, काही मिनिटं थांबावं, स्टिक पुसून पुन्हा मोजावं. पातळी मध्यावर आली तर आणखी पन्नास मिली घालून वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबावं. ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच हवं. मोटारसायकलला डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं ऑइल लागतं, कारण तिचा क्लच ऑइलात बुडालेला असतो. स्कूटरचं ‘एमबी’ ऑइल त्यात घातलं तर क्लच घसरू शकतो. काम झाल्यावर मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजावं. तेवढ्यात पातळी परत खालच्या खुणेवर आली, सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला किंवा गाडीखाली थेंब पडलेले आढळले, तर टॉप-अप करून भागणार नाही. पिस्टन रिंग, व्हॉल्व्हची सीलं आणि गॅस्केट मेकॅनिकला दाखवावी लागतील.

वरच्या खुणेपलीकडे भरणंही वाईटच. फिरता क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि फेसाळलेल्या ऑइलचा दाब नीट बसत नाही. जादा ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये शिरतं. चुकून जास्त पडलं तर मोठी सिरिंज आणि पातळ नळी घेऊन भरायच्या भोकातूनच ओढून काढता येतं.

सगळ्यात जास्त सावध व्हायला हवं ते न भरता पातळी वाढली तर. ऑइल स्वतःहून कधी वाढत नाही, त्यात काहीतरी मिसळलेलं असतं. स्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत फ्लोट नीडल गळतेय आणि पेट्रोल इंजिनमध्ये उतरतंय. ऑइल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी आहे. नुसता काळा रंग हे बिघाडाचं लक्षण नाही, वापरलेलं ऑइल काळंच होतं. पण पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात गाडी बुडाली असेल तर आधी स्टिक काढून पाहा. ऑइल दुधाळ दिसलं तर किक मारू नका, सेल्फही दाबू नका. गाडी ढकलत गॅरेजला न्या आणि ऑइल बदलून घेतल्याशिवाय चालू करू देऊ नका.