बिल टेबलावर येण्याआधी

लग्नासाठी स्थळं सुचवणाऱ्या संकेतस्थळावरून ठरलेल्या पहिल्या भेटीत मुलाचं पॅकेज मुलीच्या आत्यापर्यंत पोचलेलं असतं आणि मुलीचा पगार मुलाच्या घरी बोलून झालेला असतो. तरी कॅफेत दोघं समोरासमोर बसल्यावर दोन कॉफ्या आणि एका सँडविचचे पैसे कोण देणार, हे कुणीच बोललेलं नसतं. डेटिंग ॲपवरून भेटणाऱ्यांचं उलट असतं. तिथे समोरच्याची मिळकत माहीतच नसते, त्यामुळे कपडे, फोन आणि सुचवलेलं हॉटेल यांवरून अंदाज बांधले जातात. दोन्हीकडे अवघडलेपण येतं ते बिलाच्या वेळी, पण त्याची सुरुवात बरीच आधी, ‘कुठे भेटायचं?’ या प्रश्नाला उत्तर देताना झालेली असते.

जागा ठरली की खर्च ठरतो. पुण्यात कोरेगाव पार्कातल्या एखाद्या ठिकाणी बसलं तर दोघांचे दोन हजार सहज जातात. तेवढाच वेळ डेक्कनच्या इराण्याकडे बसलं तर तीनशे-चारशेत भागतं. स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या, घरून महिन्याचे पैसे मागवणाऱ्या मुलीला नोकरदार मुलाने पहिली जागा सुचवली आणि तिने संकोचाने ‘चालेल’ म्हटलं, तर पुढचा सगळा वेळ ती मेनूकार्डाच्या उजव्या बाजूकडेच बघत बसते. म्हणून पैशाचं बोलणं भेट ठरवतानाच, एका ओळीत व्हायला हवं. “शनिवारी भेटू. माझं बजेट पाचशे-सहाशेचं आहे, त्यात बसेल अशी जागा बघूया का? टीटीएमएम करू,” एवढा निरोप पुरतो. स्थळाच्या भेटीत सुरुवातीला ‘तुम्ही’ चालू असतं, तिथे “तुम्हाला कुठलं ठिकाण सोयीचं पडेल? मला साधं चालेल, आपापलं देऊ,” असं म्हणता येतं. ज्याला महागड्या जागीच जायचं असेल त्याने “आजचं माझ्याकडून” असं निमंत्रणातच सांगून टाकावं. बोलावणाऱ्याने खर्च उचलायचा ही आपल्याकडची जुनीच रीत आहे, आणि ती मुलीने बोलावलं तरी तशीच लागू व्हावी असं मला वाटतं.

टीटीएमएम ठरलं तरी अर्धं म्हणजे कशाचं अर्धं, हा प्रश्न उरतोच. समजा, पुण्यातल्या एका रेस्टॉरंटमध्ये दोघांनी मिळून ३४० रुपयांचं एक स्टार्टर घेतलं. तिने ३८० चा पास्ता आणि १४० चा लिंबू सोडा घेतला. त्याने ४६० ची चिकनची डिश आणि साडेतीनशेच्या दोन बिअर घेतल्या. खाण्याचे आणि सोड्याचे मिळून १,३२० होतात, त्यावर ५ टक्के जीएसटी धरून १,३८६. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. तो १० टक्के धरला तर बिअरचे ७७० होतात. एकूण बिल २,१५६ रुपये. सरळ निम्मं केलं तर प्रत्येकी १,०७८. पण तिने जे खाल्लं-प्यायलं त्याचा करासकट हिशेब ७२४ रुपये ५० पैसे एवढाच आहे. म्हणजे सरळ निम्म्यात तिने त्याच्या बिअरसाठी साडेतीनशे रुपये घातले. पीणारा-न पिणारा, शाकाहारी-मांसाहारी अशा जोड्यांमध्ये हे नेहमी घडतं, आणि ज्याला भुर्दंड बसतो तो पहिल्या भेटीत बोलत नाही.

यावर टेबलावर कॅल्क्युलेटर काढायची गरज नाही. “बिअर माझी, बाकीचं अर्धं,” असं त्याने ऑर्डर देतानाच म्हटलं तर तिच्या वाट्याला ६९३ येतात. नेमक्या हिशेबापेक्षा थोडेसे कमी, आणि कुणाला खुपणार नाहीत एवढेच. जास्त मागवणाऱ्यानेच हे आधी बोलावं. कमी मागवणाऱ्याच्या तोंडी तेच वाक्य तक्रारीसारखं वाटतं. बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर तो ऐच्छिक असतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. पण तो काढायला सांगायचा की नाही, हे वेटर आला असताना एकाने परस्पर ठरवू नये. समोरच्याला हळूच विचारावं.

आधी बोलायची गरज का पडते, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत स्पष्ट दिसतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत अर्ध्याहून जास्त स्त्रियांनी आपण पैसे द्यायची तयारी दाखवतो असं सांगितलं, आणि ३९ टक्के स्त्रियांनी समोरच्याने ते नाकारावेत अशी मनातून इच्छा असते असंही कबूल केलं. पुरुषांपैकी जवळपास दोनतृतीयांश जणांना स्त्रीने वाटा उचलावा असं वाटत होतं, पण ७६ टक्के पुरुषांना तिचे पैसे घेताना अपराधीही वाटत होतं. तो देश वेगळा, तिथल्या चालीरीती वेगळ्या. पण तोंडी एक आणि मनात दुसरं, हा घोळ आपल्या ओळखीचा आहे. “मी देते ना,” “नको गं, असू दे,” या तीन-चार फेऱ्यांत कुणाला खरोखर काय हवं आहे ते कळत नाही. दोघंही आपापल्या अंदाजाने घरी जातात आणि मग मैत्रिणीला किंवा रूममेटला सांगतात, ‘साधं विचारलंसुद्धा नाही.’

अनेक मुली आपला वाटा हट्टाने देतात, त्यामागचं कारण मुलांनी नीट समजून घ्यायला हवं. बिल एकाने भरलं की काही जणांना त्याबदल्यात काहीतरी येणं आहे असं वाटू लागतं. दुसरी भेट, घरी सोडायचा आग्रह, किंवा त्याहून जास्त काही. हा उपकार अंगावर नको म्हणून मुलगी सातशे रुपये लगेच यूपीआयने पाठवते. तेव्हा “एवढ्याशा पैशांचं काय घेऊन बसलीस” असं म्हणून ते परत पाठवणं म्हणजे तिचं म्हणणं न ऐकणं आहे. पैसे घ्यावेत आणि विषय तिथेच संपवावा.

याच्या अगदी उलट टोकाला सरळ फसवणूक आहे. ॲपवर ओळख झालेली व्यक्ती पहिल्याच भेटीला एका ठरावीक बार किंवा लाउंजचाच हट्ट धरते, मेनूकार्ड समोर येण्याआधी महागडी पेयं मागवते, मग फोन आल्याचं सांगून निघून जाते आणि मागे हजारोंचं बिल राहतं. त्या जागेशी तिचा वाटा ठरलेला असतो. मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत अशा तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या आहेत. जागा बदलायला सुचवून बघणं ही यातली सगळ्यात सोपी परीक्षा. खरी भेटायची इच्छा असलेला माणूस दोन गल्ल्या पलीकडच्या कॅफेत यायला तयार होतो. दुसरी गोष्ट, दर छापलेलं मेनूकार्ड हातात आल्याशिवाय कुणीच काही मागवायचं नाही.

मिळकतीचा विषय मात्र पहिल्या भेटीत उकरायची घाई नको. बायोडाटातलं पॅकेज खर्चाच्या अपेक्षेला हमखास चुकीची दिशा देतं. वर्षाला नऊ लाख म्हणजे महिना ७५ हजार, असा हिशेब समोरचा मनात करतो. प्रत्यक्षात त्या नऊ लाखांत कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर मिळणारी रक्कम धरलेली असते, आणि हातात समजा ६२ हजार येतात. त्यातून शैक्षणिक कर्जाचा १२ हजारांचा हप्ता, गावाकडे आई-वडिलांना १० हजार आणि खोलीचं भाडं १५ हजार गेलं की २५ हजार उरतात. दर शनिवारी दोन हजारांचं बिल एकट्याने भरलं तर त्यातले आठ हजार जातील. तिसऱ्या-चौथ्या भेटीत गाठी नियमित व्हायला लागल्या की “माझ्यावर कर्जाचा हप्ता आहे, महिन्याला बाहेर खायला मी तीनेक हजार काढू शकतो,” असं त्याने सांगून टाकावं, आणि तिनेही आपला आकडा सांगावा. तिचे दीड हजार असतील तर दोघांचे मिळून साडेचार हजार झाले. त्यात महिन्यातून एकदा चांगलं जेवण बसतं, आणि उरलेले शनिवार भेळ, चहा आणि पर्वतीच्या पायऱ्यांवर काढता येतात.